फोटोतला अपूर्णांक आणि छेदातली करणी

नववीच्या गणितात ‘वास्तव संख्या’ हे प्रकरण लागलं, की मुलांच्या व्हॉट्सॲप गटांवर एका ठरावीक जातीचे फोटो फिरू लागतात. फळ्याचा किंवा वहीच्या पानाचा तुकडा, कडेला कुणाच्या तरी हाताची सावली, आणि मधोमध वर-खाली वर्गमुळांनी भरलेला एक अपूर्णांक. शेजारी सूचना असते: छेदाचे परिमेयीकरण करा. त्या दिवशी वर्गात नसलेल्याने फोटोवरून गणित उतरवून घ्यायचं आणि सोडवून आणायचं.

असाच एक अपूर्णांक घेऊ. अंशात √१८ + √१२ आहे, मधे आडवी रेघ, आणि छेदात √१८ − √१२. एका ओळीत छापायचा तर तो असा दिसेल:

(√१८ + √१२) / (√१८ − √१२)

त्याचं पूर्ण सोपं रूप ५ + २√६ आहे. उत्तर एवढंसं दिसत असलं, तरी तिथवर जाताना मुलं जिथे जिथे अडखळतात त्या बहुतेक सगळ्या जागा या एका अपूर्णांकात सापडतात. म्हणून तो शेवटपर्यंत नीट पाहण्यासारखा आहे.

शाळा सुटून बरीच वर्षं झालेल्यांसाठी थोडी उजळणी. √९ म्हणजे ३, कारण तिनाचा वर्ग नऊ. √१८ मात्र असा पूर्ण सुटत नाही. ४.२४२६ असं काहीतरी येतं, पुढचे अंक संपत नाहीत आणि त्यांची ठरावीक आवर्तनंही होत नाहीत. अशी संख्या अपरिमेय. परिमेय संख्येचं मूळ काढायला गेलं आणि ते असं न सुटणारं निघालं, तर त्या मुळाला करणी म्हणतात. छेदाचे परिमेयीकरण म्हणजे अपूर्णांकाची किंमत तसूभरही न बदलता छेदातली करणी घालवणं.

पण सोडवण्याआधी फोटो वाचावा लागतो, आणि गाडी बऱ्याचदा तिथेच रुळावरून उतरते. करणीच्या चिन्हाला दोन अवयव असतात. डावीकडे खाली उतरून वर चढणारा आकडा, आणि त्याला जोडून उजवीकडे जाणारी आडवी रेघ. ही रेघ जिथे संपते तिथे मुळाचा अंमल संपतो. आपल्या अपूर्णांकात पहिली रेघ १८ वर संपते, मग अधिकचं चिन्ह येतं, आणि १२ साठी नवं करणीचिन्ह सुरू होतं. घाईघाईत लिहिताना पहिली रेघ अधिकच्या डोक्यावरून पुढे ओढली गेली आणि दुसऱ्या चिन्हाचा आकडा खडूच्या फटकाऱ्यात पुसट झाला, तर फोटोत दिसतं ते एकाच लांब रेघेखाली १८ + १२. छेदातही तसंच झालं तर गणितच बदलतं. वर √३०, खाली √६, आणि भागाकार √५.

इथली गंमत अशी, की √५ हे उत्तर अगदी नीटनेटकं आहे. ते बघून कुणालाही शंका येणार नाही. पण √५ म्हणजे सुमारे २.२३६, आणि खऱ्या अपूर्णांकाची किंमत आहे सुमारे ९.८९९. चौपटीहून जास्त फरक. उत्तर देखणं आलं म्हणजे गणित बरोबर वाचलं, असं धरून चालता येत नाही.

बेरजेचं वर्गमूळ आणि वर्गमुळांची बेरीज या वेगळ्या गोष्टी आहेत, हे तपासायला ९ आणि १६ पुरतात. √(९ + १६) म्हणजे √२५, म्हणजे ५. √९ + √१६ म्हणजे ३ + ४, म्हणजे ७. रेघेच्या लांबीवर एवढं अवलंबून असतं.

ही रेघ करणीचिन्हाबरोबर जन्मालाही आली नव्हती. जर्मन भाषेत बीजगणित लिहिणाऱ्या क्रिस्टोफ रूडॉल्फने १५२५ साली आपल्या पुस्तकात √ हे चिन्ह छापलं, तेव्हा त्याला नुसता आकडा होता. मूळ कुठपर्यंत घ्यायचं ते वाचणाऱ्याने संदर्भावरून ओळखायचं. फ्रान्सच्या रने देकार्तने १६३७ सालच्या भूमितीवरच्या ग्रंथात आकड्याला वरची रेघ जोडली आणि मुळाची हद्द कागदावर दिसू लागली. फोटोत ही रेघ अस्पष्ट झाली, की वाचणारा पुन्हा देकार्तच्या आधीच्या काळात जाऊन पोचतो.

आपल्याकडच्या जुन्या पोथ्यांमध्ये हा प्रश्न निराळ्या तऱ्हेने सुटलेला होता. बाराव्या शतकातल्या भास्कराचार्यांच्या बीजगणितात करणीसाठी ‘क’ हे अक्षर येतं. प्रत्येक करणीच्या संख्येआधी तिचा स्वतःचा ‘क’. आपला अंश तिथे ‘क १८ क १२’ असा लिहिला गेला असता. कुठल्या संख्येचं मूळ घ्यायचं याबद्दल संशयाला जागाच नाही. ऋण संख्या दाखवायला मात्र अंकाच्या डोक्यावर एक टिंब देत. म्हणजे आपल्या छेदात आणि अंशात फरक काय, तर बारावरचं एक टिंब. नक्कल करताना ते निसटलं, की छेद अंशासारखाच होऊन बसतो आणि अपूर्णांकाची किंमत उरते नुसती १.

आजच्या फोटोत हेच उणेच्या चिन्हाचं होतं. खडूची बारीक आडवी रेघ, तीही दोन करणीचिन्हांच्या मधे अडकलेली. व्हॉट्सॲप फोटो पाठवताना तो दाबून लहान करतं आणि अशा बारीक खुणा पहिल्यांदा विरतात. उणे अधिकसारखं दिसतं, किंवा दिसतच नाही. म्हणून दोन करणींमध्ये विचित्र मोकळी जागा दिसली तर तिथे काहीतरी लिहिलेलं होतं असं समजून पाठवणाऱ्याला विचारलेलं बरं. करणीचिन्हाच्या आकड्याजवळ काढलेला बारीकसा तीनही असाच घात करतो. तो आकड्याच्या खाचेत, वर, लहान काढलेला असेल तर घनमूळ घ्यायचं. इतर अंकांच्या उंचीचा आणि त्यांच्याच ओळीत असेल तर ती तिप्पट. १ भागिले २ चं घनमूळ म्हणजे सुमारे ०.७९४, आणि १ भागिले ३√२ म्हणजे सुमारे ०.२३६.

फोटो स्पष्ट असला तरी एक सापळा उरतो, तो उतरवून घेण्याचा. फळ्यावर आडव्या रेघेने अंश आणि छेद आपोआप वेगळे केलेले असतात. तोच अपूर्णांक मोबाईलवर किंवा कॅल्क्युलेटरवर एका ओळीत टाइप करताना कंस राहून गेले, तर तो होतो √१८ + √१२ / √१८ − √१२. भागाकार आधी, बेरीज-वजाबाकी नंतर, या नियमाने इथे फक्त √१२ ला √१८ ने भागलं जातं, आणि उत्तर येतं सुमारे १.५९५. कॅल्क्युलेटर चुकलेला नसतो. त्याला जे दिलं त्याचं उत्तर तो देतो.

या सगळ्या चुका पकडणारी एक साधी सवय आहे, आणि ती फार थोड्या मुलांना लावली जाते याची हळहळ वाटते. सोडवायला बसण्याआधी समासात अंदाज लिहून ठेवायचा. √१८ हे ४ आणि ५ यांच्या मधे, ४.२४ च्या आसपास. √१२ हे ३.४६ च्या आसपास. बेरीज ७.७०, वजाबाकी ०.७८. छेद एकाहून लहान, म्हणजे भागाकार अंशाहून मोठा येणार. ७.७० भागिले ०.७८ म्हणजे दहाच्या जरासं आत. समासात ‘दहाच्या जवळ’ एवढं लिहिलं तरी √५, १ आणि १.५९५ ही तिन्ही उत्तरं तिथल्या तिथे बाद होतात. मात्र अंदाज घेताना फोटोच चुकीचा वाचला असेल, तर अंदाजही त्याच चुकीच्या गणिताचा येणार. म्हणून शक्य असेल तर अंदाजाआधी गणित शब्दांत म्हणून बघावं: अठराचं वर्गमूळ अधिक बाराचं वर्गमूळ, या सगळ्याला भागिले अठराचं वर्गमूळ वजा बाराचं वर्गमूळ. पाठवणाऱ्यानेही फोटोखाली एवढं वाक्य टाकलं तर रेघ, उणे आणि कंस या तिन्हींचा निकाल लागतो.

आता सोडवणं. पहिलं काम, प्रत्येक करणी आहे तिथेच लहान करणं. १८ म्हणजे ९ × २, आणि नऊ पूर्ण वर्ग आहे, तेव्हा √१८ = ३√२. बारा म्हणजे ४ × ३, तेव्हा √१२ = २√३. अपूर्णांक झाला:

(३√२ + २√३) / (३√२ − २√३)

छेदातल्या दोन करणी एकत्र करता आल्या तर काम आणखी सोपं होईल. त्या येतात की नाही, हे पाहण्याची एक देखणी कसोटी आपल्या जुन्या बीजगणितात आहे. दोन करणींच्या आतल्या संख्यांचा गुणाकार करा. तो पूर्ण वर्ग निघाला तरच त्यांची बेरीज-वजाबाकी एका करणीत मावते. √२ आणि √८ घेतले तर २ × ८ = १६, पूर्ण वर्ग, आणि खरोखरच √२ + √८ म्हणजे √२ + २√२, म्हणजे ३√२, म्हणजेच √१८. आपल्याकडे १८ × १२ = २१६ आहे. चौदाचा वर्ग १९६, पंधराचा २२५. मधे २१६ अडकलेला. म्हणजे या दोघी एकत्र नांदणार नाहीत, छेद दोन पदांचाच राहणार.

दोन पदांच्या अशा छेदाला घालवण्यासाठी त्याचा जोडीदार शोधायचा. पदं तीच, मधलं चिन्ह उलटं. ३√२ − २√३ चा जोडीदार ३√२ + २√३. पाठ्यपुस्तक या दोघांना अनुबद्ध जोडी म्हणतं. अंश आणि छेद दोन्हींना या जोडीदाराने गुणायचं. वर आणि खाली एकाच संख्येने गुणलं म्हणजे एकाने गुणल्यासारखं, त्यामुळे किंमत जिथल्या तिथे राहते. आणि खाली घडतं ते आठवीपासून ओळखीचं सूत्र, (a − b)(a + b) = a² − b². मधली पदं एकमेकांना कापून जातात आणि उरतात फक्त वर्ग. करणीचा वर्ग केला की मूळ निघून जातं.

इथे मुलं दोन ठिकाणी चुकतात. काहीजण चिन्ह न उलटता छेदाला छेदानेच गुणतात. तसं केलं तर ३० − १२√६ मिळतं आणि करणी छेदात ठाण मांडून बसते, कारण या गुणाकारात मधली पदं कापली जात नाहीत, दुप्पट होतात. दुसरी चूक अधिक बारीक आहे. ३√२ चा वर्ग करताना दोनाचं मूळ जातं, पण बाहेरच्या तिनाचा वर्ग करायचा राहतो. मग ३√२ चा ‘वर्ग’ ३ × २ म्हणजे ६ येतो, २√३ चाही २ × ३ म्हणजे ६ येतो, आणि छेद होतो ६ − ६, शून्य! आपल्या उदाहरणात ही चूक स्वतःच ओरडून सांगते. दुसऱ्या कुठल्या संख्या असत्या तर ती गुपचूप पुढे गेली असती. बरोबर हिशोब असा: तिनाचा वर्ग नऊ, नऊ दुणे अठरा; दोनाचा वर्ग चार, चार त्रिक बारा; १८ − १२ = ६.

अंशात मात्र त्याच बेरजेचा वर्ग येतो, कारण अंश आणि जोडीदार इथे एकच आहेत. (३√२ + २√३)² म्हणजे १८, अधिक १२, अधिक मधल्या पदाची दुप्पट. मधलं पद ३√२ × २√३ = ६√६, त्याची दुप्पट १२√६. एकूण ३० + १२√६. मधलं पद विसरलं तर अंशात नुसते ३० राहतात आणि उत्तर ५ येतं. समासातला ‘दहाच्या जवळ’ हा शेरा लगेच बोट दाखवतो.

तेव्हा अपूर्णांक आता (३० + १२√६) / ६. छेदात करणी नाही. परिमेयीकरण झालं. गणित मात्र संपलेलं नाही, कारण ३० आणि १२ या दोघांनाही सहाने भाग जातो. तो दिला की ५ + २√६. पडताळा घ्यायचा तर √६ सुमारे २.४४९, दुप्पट ४.८९८, अधिक ५, म्हणजे ९.८९८. समासातल्या अंदाजाशी जुळलं.

‘पूर्ण सोपं रूप’ या शब्दांवर थोडं थांबायला हवं, कारण मार्क इथे जातात. समजा एखाद्या मुलीने सुरुवातीला करणी लहान केल्याच नाहीत आणि √१८, √१२ तसेच ठेवून गुणाकार केला. तिच्या पद्धतीत काही चूक नाही. छेदात १८ − १२ = ६ येतो, अंशात ३० + २√२१६. आता ती सहाने भागायला जाते, ३० चे ५ करते आणि पुढचं पद तसंच ठेवून ५ + २√२१६ लिहिते. हे साफ चूक आहे. छेद दोन्ही पदांखाली असतो, त्यामुळे भाग द्यायचा तर दोघांनाही द्यावा लागतो. ५ + २√२१६ ची किंमत चौतिसाच्या वर जाते, त्यामुळे अंदाज तिला अडवेल.

तिच्याच शेजारी बसलेली दुसरी मुलगी दोन्ही पदांना दोनाने भागते आणि (१५ + √२१६) / ३ वर थांबते. याची किंमत अगदी बरोबर, ९.८९९. कॅल्क्युलेटर म्हणेल जुळलं. पण उत्तर अर्धवट आहे, कारण २१६ मध्ये ३६ हा पूर्ण वर्ग लपलेला आहे: √२१६ = ६√६. तो बाहेर काढला की १५ + ६√६ होतं, आणि दोन्ही पदांना तिनाने भाग जातो. दशांशाचा पडताळा चुकीचं उत्तर पकडतो, अपुरं उत्तर पकडत नाही. अपुरेपणासाठी डोळ्यांनीच बघावं लागतं. मुळाच्या आत चार, नऊ, पंचवीस, छत्तीस असा कुठला वर्ग अजून दडला आहे का? एकत्र होऊ शकणाऱ्या दोन करणी सुट्या पडल्या आहेत का? आणि अंशातल्या प्रत्येक पदाला व छेदाला एकाच संख्येने भाग जातो का? ‘प्रत्येक’ हा शब्द इथे महत्त्वाचा. (४ + ३√६) / २ मध्ये चाराला दोनाने भाग जातो, पण तिनाला जात नाही, म्हणून तो अपूर्णांक तसाच ठेवायचा.

ज्याची नजर तयार झाली आहे, तो हे सगळं आणखी कमी कष्टात करतो. √१८ म्हणजे √६ × √३, आणि √१२ म्हणजे √६ × √२. अंश-छेदाच्या चारही पदांत √६ आहे. तो सुरुवातीलाच काढून टाकला तर उरतं (√३ + √२) / (√३ − √२). जोडीदाराने गुणलं की छेद ३ − २, म्हणजे १. अंश (√३ + √२)², म्हणजे ३ + २ + २√६. दोन ओळींत उत्तर, आणि मोठ्या संख्यांशी झटापट नाही.

चिन्ह उलटून गुणण्याची ही युक्ती भास्कराचार्यांनी नियम म्हणून सांगितली आहे. चाळीसगावजवळच्या पाटण गावच्या शिलालेखात ज्यांच्या घराण्याची आणि चांगदेव या नातवाची माहिती सापडते, तेच हे भास्कराचार्य. त्यांच्या बीजगणितात करणींच्या भागाकाराचं एक उदाहरण आहे. भाज्य √९ + √४५० + √७५ + √५४, आणि भाजक √१८ + √३. भाजकातल्या एका करणीचं चिन्ह उलटून √१८ − √३ घ्यायचं आणि दोघांना गुणायचं. भाजक होतो १८ − ३ = १५. भाज्यातली चार पदं आठ होतात, पण त्यातल्या दोन जोड्या एकमेकांना कापून जातात आणि बाकीची एकत्र येऊन उरतं √५६२५ + √६७५. पंधरा म्हणजे √२२५, त्याने भागलं की √२५ + √३, म्हणजेच ५ + √३. आजच्या नववीच्या वहीतली रीत आणि ही रीत यात फरक फक्त लिहिण्याच्या पद्धतीचा.

त्या नियमात आणखी एक गोष्ट आहे. छेदात एकच करणी उरेपर्यंत ही क्रिया पुन्हा पुन्हा करायची. याची गरज छेदात तीन पदं आली की कळते. १ / (१ + √२ + √३) घ्या. इथे एका झटक्यात सगळं सुटत नाही. १ + √२ हे एक पद मानून √३ चं चिन्ह उलटायचं. छेद होतो (१ + √२)² − ३, म्हणजे ३ + २√२ − ३, म्हणजे २√२. अंशात १ + √२ − √३. छेदात करणी अजून आहे, पण एकटी. आता वर-खाली √२ ने गुणलं की (√२ + २ − √६) / ४. पडताळा: मूळ अपूर्णांक १ भागिले ४.१४६, म्हणजे सुमारे ०.२४१, आणि उत्तराचीही तीच किंमत. दुसऱ्या पायरीत २√२ ने नव्हे, नुसत्या √२ ने गुणलं, हे ध्यानात घ्यावं. दोनाने गुणून काही बिघडत नाही, पण नंतर तो पुन्हा काढत बसावं लागतं.

हा सगळा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न मुलं विचारतात आणि तो रास्त आहे. कॅल्क्युलेटर नव्हते तेव्हाचं कारण सरळ होतं. १ भागिले १.४१४२१ हा भागाकार कागदावर करून बघावा. त्याऐवजी √२ / २ लिहिलं, की १.४१४२१ चं अर्धं करायचं, ०.७०७१, आणि ते तोंडी होतं. पण आपल्या अपूर्णांकात याहून खोल कारण दडलेलं आहे. समजा वर्गमुळं एकाच दशांश स्थळापर्यंत माहीत आहेत: √१८ सुमारे ४.२, √१२ सुमारे ३.५, √६ सुमारे २.४. मूळ अपूर्णांकात या किमती घातल्या तर ७.७ भागिले ०.७, म्हणजे ११ येतात. ५ + २√६ मध्ये घातल्या तर ५ + ४.८, म्हणजे ९.८. खरी किंमत ९.९ च्या किंचित आत. दोन्हीकडे वर्गमुळांची अचूकता सारखीच होती, तरी एकीकडे चूक अकरा टक्क्यांची आणि दुसरीकडे एक टक्क्याची.

असं होतं ते छेदातल्या वजाबाकीमुळे. ४.२ आणि ३.५ या दोन्हींत थोडीथोडी काटछाट झालेली आहे. मोठ्या संख्येत ती जाणवत नाही, पण वजाबाकीनंतर उरलेल्या ०.७ मध्ये तीच काटछाट मोठा वाटा घेऊन बसते, आणि मग त्या ०.७ ने भागल्यावर पूर्ण उत्तर फुगतं. छेदातल्या दोन करणी जितक्या जवळजवळच्या, तितकं हे नुकसान मोठं. जोडीदाराने गुणलं की वजाबाकीची बेरीज होते आणि ही गळती बंद होते. संगणकासाठी आकडेमोडीचे प्रोग्रॅम लिहिणारेही जवळच्या दोन संख्यांची वजाबाकी टाळण्यासाठी सूत्राची अशीच उलटापालट करतात.

दोन मुलांनी वेगवेगळ्या वाटांनी सोडवलेली उत्तरं सारखी आहेत का, हे बघण्यासाठीही एक ठरलेलं रूप लागतं. एकाने (√३ + √२) / (√३ − √२) लिहिलं, दुसऱ्याने (१५ + √२१६) / ३ लिहिलं, तर ती एकच संख्या आहे हे नजरेला दिसत नाही. दोघांनी ५ + २√६ पर्यंत आणलं, की वाद मिटतो.

तरीही छेदात करणी राहणं हा काही गुन्हा नाही. त्रिकोणमितीत ४५ अंशांचं साइन १/√२ असं लिहिलं तरी चालतं आणि पुस्तकंही लिहितात. अकरावीत सीमा शिकताना तर मुलांना याच्या बरोबर उलटं करावं लागतं. (√(४ + h) − २) / h या अपूर्णांकात h शून्याकडे नेला तर अंशही शून्याकडे जातो आणि छेदही, काहीच हाती लागत नाही. तिथे जोडीदार अंशाचा घ्यायचा, √(४ + h) + २. वर-खाली गुणल्यावर अंशात ४ + h − ४, म्हणजे नुसता h उरतो. छेदातल्या h शी तो कापला जातो आणि राहतं १ / (√(४ + h) + २). करणी अंशातून निघून छेदात जाऊन बसली. आता h च्या जागी शून्य ठेवलं, की १ भागिले ४.